सरपंच ताई झाल्या, पण विहीर कधी होणार?



गेल्या उन्हाळ्यात पोलादपूरकडच्या एका वाडीत गटाच्या बैठकीला गेले होते. एक मावशी हंडा खाली ठेवत म्हणाल्या, "आमची सरपंच बाईच आहे गं. पण पाणी तिथंच आहे, खालच्या विहिरीत." सगळ्या हसल्या. मावशींचा प्रश्न मात्र खरा होता. जागा बाईला मिळाली म्हणजे बायकांचं काम होतं का? या अंकात त्याचंच उत्तर शोधू.

आधी थोडी माहिती. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभरातल्या पंचायतींत एक तृतीयांश जागा आणि तेवढीच सरपंचपदं महिलांसाठी राखीव झाली. आपल्या महाराष्ट्रात २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर आलं. कुठल्या गावचं सरपंचपद महिलेला जाणार हे पाळीपाळीने, सोडत काढून ठरतं. म्हणून या वेळी आपल्या गावात ताई असतील, तर पुढच्या वेळी नसतीलही.

याचा उपयोग होतो का, हे दोन अभ्यासकांनी तपासलं. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानमधला उदयपूर अशा दोन जिल्ह्यांतल्या पंचायती पाहिल्या. त्यांचा अभ्यास २००४ साली छापून आला. प्रमुखपद राखीव असलेली गावं आणि नसलेली गावं यांत पैसा कशावर खर्च झाला, याची त्यांनी तुलना केली. दोन्ही जिल्ह्यांत बायकांची मोठी तक्रार पिण्याच्या पाण्याची होती, आणि दोन्हीकडे महिला प्रमुख असलेल्या गावांत पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. रस्त्यांचं मात्र वेगळं निघालं. बीरभूममध्ये बायका रस्तेही मागत होत्या, तिथे रस्ते वाढले. उदयपूरमध्ये रस्ते ही जास्त करून पुरुषांची मागणी होती. तिथे महिला प्रमुख असलेल्या गावांत रस्त्यांवरचं काम कमी झालं.

म्हणजे बाई खुर्चीवर बसली की तिला आपोआप पाणीच सुचतं, असं नाही. त्या त्या गावच्या बायका जे मागत होत्या, तिकडे पैसा वळला. म्हणून आपली मागणी सरपंच ताईंपर्यंत आणि तिथून कागदावर कशी पोचते, हे नीट पाहायला हवं.

पहिली पायरी महिला सभेची. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिथे ठरलेल्या गोष्टी ग्रामसभेपुढे जायला हव्यात. पण बऱ्याच ठिकाणी महिला सभा नुसती वहीतच होते. एक वही फिरते, आपण सह्या करतो, चहा होतो, घरी जातो. आपल्या गावात असं होतंय का, हे ओळखायला सोपं आहे. सही करताना वरचं पान वाचा. सह्या आहेत पण वर एकही ठराव लिहिलेला नाही, तर सभा झालेलीच नाही.

दुसरी पायरी ठरावाच्या शब्दांची. त्या वाडीतल्या बायकांनी पहिल्या वर्षी लिहून दिलं होतं, "वाडीला पाण्याची सोय करावी." ग्रामसभेत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. कारण 'सोय' म्हणजे काय, कुठे, किती, हे कुणालाच सांगता येईना. त्याच सभेत पुरुषांनी मागितलं होतं, "देवळापासून मुख्य रस्त्यापर्यंत काँक्रीट करणे." ते लगेच आराखड्यात गेलं. त्यात कुणाचं कपट नव्हतं. त्यांचं काम मोजता येत होतं, आपलं येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी गटाने बसून लिहिलं, "खालच्या विहिरीतला गाळ काढणे, कठडा बांधणे, पंप बसवून वाडीच्या वरच्या अंगाला ५,००० लिटरची टाकी उभारणे. लाभ २३ घरांना. विहिरीचं पाणी मार्चपासून कमी होतं." खाली सूचक आणि अनुमोदक म्हणून दोघींची नावं घातली. ग्रामसभेत ठराव वाचून दाखवायला लावला आणि त्याच दिवशी त्याचा क्रमांक मागून घेतला. आता तो विषय 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात आहे. टाकी अजून व्हायची आहे. अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मान्यता बाकी आहे. पण आता बायका "पाण्याचं काय झालं?" असं विचारत नाहीत. "अमुक नंबरच्या ठरावाची मान्यता कुठे अडली?" असं विचारतात. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

नुसत्या ठरावावर थांबू नये, हे आपल्या महाडला वेगळं सांगायला नको. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तरी दलितांना ते पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्यायली, तेव्हा तो ठराव कागदातून बाहेर आला. त्याच वर्षी डिसेंबरातल्या परिषदेसाठी बाबासाहेब आपल्या दासगाव बंदरावर उतरूनच महाडला गेले होते.

तिसरी पायरी पैशाची. 'निधी नाही' हे उत्तर मिळालं की आपण गप्प बसतो. तेव्हा दोन गोष्टी विचारा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी जो निधी दिला, त्यातला ६० टक्के 'बंधित' होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचा. तो आपल्या गावात कशावर गेला? दुसरं, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. त्याचं काय केलं? ही माहिती ग्रामसभेत मागता येते.

चौथी पायरी सहीची, आणि ही सरपंच ताईंसाठी. वित्त आयोगाचे पैसे आता ऑनलाइन जातात. त्यासाठी सरपंचाची डिजिटल सही लागते. ती एका छोट्या डोंगलमध्ये असते, पेनड्राइव्हसारख्या. हे डोंगल ऑपरेटरच्या टेबलात किंवा नवऱ्याच्या खिशात असेल, तर ताईंच्या नावाने पैसे कोण काढतंय हे ताईंनाच कळत नाही. उद्या चौकशी लागली की नोटीस मात्र ताईंच्या नावाने येते. म्हणून डोंगल आणि त्याचा पिन स्वतःकडे ठेवा, आणि सही करण्याआधी कोणतं काम, किती रक्कम, कुणाला, एवढं मोठ्याने वाचून घ्या.

हे एकट्या ताईंना जड जातं. घरचे रागावतात, सदस्य टोमणे मारतात. त्या दिवशी गटातल्या दोघी सोबत गेल्या तरी फरक पडतो.

शेवटी सोडतीची गोष्ट. पुढच्या वेळी सरपंचपद खुलं झालं तर ताई जातील, पण आराखड्यातला ठराव राहील. म्हणून पुढच्या महिन्याच्या गट बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढा. आपल्या वाडीचं एकच काम निवडा. कुठे, किती, किती घरांना, कोणत्या महिन्यात अडचण, हे चार ओळींत लिहा. लिहायला कुणी नसेल तर मला फोन करा, मी येईन. ग्रामसभा ठरली की त्याआधीच्या महिला सभेत तोच कागद घेऊन जा, आणि परत येताना ठराव क्रमांक गटाच्या वहीत लिहून ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक