पाद्री, पोप आणि विश्वाचा आरंभ

विश्व प्रसरण पावते आहे, हे 1927 साली गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियममधले कॅथलिक पाद्री होते. धर्म आणि विज्ञान यांचे हाडवैरच असते, हे संघर्षाचे प्रारूप इथेच लंगडे पडते.

1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांतात ईश्वरी निर्मितीची साक्ष पाहिली. हा समन्वय लमेत्र यांनाच रुचला नाही, आणि ते योग्यच होते. तेव्हा विश्वाला आरंभच नाही, असे मानणारा स्थिर-स्थिती सिद्धांतही जोरात होता. उद्या तो खरा ठरला असता, तर श्रद्धेनेही हार मानायची का? पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही.

म्हणून मला लमेत्र यांची वाट, म्हणजे दोघांच्या स्वायत्ततेचे प्रारूप, पटते. मात्र त्यालाही मर्यादा आहे. पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असे कुणी धर्मग्रंथाच्या आधारे म्हटले, की तो दावा निसर्गाबद्दलचा होतो. तिथे निकाल खडकांच्या वयावरूनच लागला पाहिजे.