वृद्धांसाठी न्हाणीघर

शहरी फ्लॅटमधले न्हाणीघर अनेकदा जेमतेम चार फूट रुंद आणि सात फूट लांब असते, आणि त्याचे दार आत उघडते. वृद्ध व्यक्ती आत पडली की तिचे शरीरच दाराला अडते. बाहेरून जोर लावावा, तर तिलाच इजा. म्हणून पहिला बदल दाराचा: चौकटीची खाच बदलून ते बाहेर उघडणारे करावे, जागा नसल्यास सरकते बसवावे. कडी बाहेरूनही उघडता यावी.

पाय घसरला की हात सापडेल ते पकडतो, आणि ते बहुधा टॉवेलचा दांडा असतो. तो माणसाचे वजन पेलत नाही. आधाराचा दांडा वेगळाच हवा: मूठ पूर्ण बसेल असा, सुमारे 35 मिलिमीटर जाडीचा, कमोडशेजारच्या भिंतीवर 85 ते 90 सेंटीमीटर उंचीवर आडवा. भिंतीपासून अंतर चार सेंटीमीटरच ठेवावे. जास्त असल्यास घसरलेला हात मागे अडकतो. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग सुटतो, तिथे केमिकल अँकर लागतो. बसवल्यावर धडधाकट माणसाने पूर्ण वजन टाकून पाहावे. दांडा किंचितही हलला, तर काम पुन्हा करून घ्यावे.

जमिनीला खरबरीत, लहान टाइल्स बऱ्या, कारण सांध्यांमुळे पकड वाढते. दुकानात टाइल कोरडी पाहू नये. साबणाचे पाणी ओतून ओल्या तळव्याने घासून पाहावी. चांगल्या टाइलवरही साबणाचा थर साचतो, तो नियमित घासून काढावा लागतो.