खारबांधाचा हिशोब: मजुरीची छाया किंमत कुठे फसते?

पेण-अलिबागच्या खारेपाटात बांधाला खांड गेली की भरतीचं पाणी थेट भाताच्या शेतात येतं. पुढे काही वर्षांत तिथे कांदळवन उभं राहतं आणि शेती हातची जाते. मग प्रश्न येतो, सरकारने बांध पुन्हा घालावा का? खर्च-लाभ विश्लेषण शिकायला मला हे उदाहरण फार आवडतं. खालचे आकडे मात्र समजण्यासाठी मीच धरलेत, ते कुठल्या प्रत्यक्ष योजनेचे नाहीत.

समजा बांधाला १०० लाख लागतात, त्यातले ६० लाख मजुरी. वाचलेल्या भातातून खर्च वजा जाता वर्षाला ११ लाख, २० वर्षं. डिस्काउंट रेट १२ टक्के धरला तर या लाभाचं आजचं मूल्य साधारण ८२ लाख होतं. म्हणजे १८ लाखांचा तोटा, बांध नको!

थांबा. काम निघतं भातकापणीनंतर, उन्हाळ्यात. तेव्हा गावात शेतीचं काम जवळजवळ नसतं. मजुराला इथे लावल्याने समाजाचं दुसरीकडचं जेवढं उत्पादन बुडतं, तेवढीच त्याच्या श्रमाची खरी किंमत. हीच छाया किंमत. ती शून्य नाही बरं का, कारण माणसं वीटभट्टीवर किंवा मुंबईला जातात. मजुरीच्या ६० टक्के धरू. खर्च ७६ लाखांवर येतो आणि तोट्याचे ६ लाख फायद्यात जातात.

इथे बरेच जण खूश होऊन थांबतात. पण युरिया शेतकऱ्याला स्वस्त पडतो तो अनुदानामुळे. देशाला पडणारी किंमत जास्त आहे. ती लावून वार्षिक लाभ ९.५ लाख झाला, तर पुन्हा ५ लाखांचा तोटा. दर ८ टक्के केला की १७ लाखांचा फायदा. १९७२ च्या युनिडो मार्गदर्शिकेत दासगुप्ता, मार्गलिन आणि सेन यांनी या दराकडे धोरणाचा निर्णय म्हणून पाहिलं, ते का, हे इथे कळतं: पुढच्या पिढीच्या भाताला आज किती मोजायचं, हे बँकेचा व्याजदर सांगत नाही.

आता खरी मेख. आज माती बहुतेक पोकलेन ओढतं. अंदाजपत्रकात ‘मजुरी’ लिहिलेले ६० लाख प्रत्यक्षात यंत्राचं भाडं आणि डिझेल असतील, तर ०.६ ने गुणायचा हक्कच उरत नाही. फार तर डिझेलवरचा कर वजा होईल, कारण तो एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. तो ५ लाख धरला तर खर्च ९५ लाख. मग ८ टक्क्यांनाही हिशोब जेमतेम तोट्यात जातो.

म्हणून अहवाल हातात आला की मी आधी डिस्काउंट रेट बघत नाही. मनुष्यदिवस शोधते. मजुरीची रक्कम भागिले त्या वेळचा रोजंदारी दर, एवढं करा. येणारे मनुष्यदिवस त्या गावांतल्या माणसांत बसतात का, ते बघा. बसत नसतील तर कामाची हजेरीपुस्तकं मागा.