अनुवादकाचा नमुनासंग्रह आणि क्षेत्राची निवड

अनुवादाचा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे दोन प्रश्न प्रायः एकाच वेळी उभे राहतात. विधिविषयक, वैद्यकीय आणि वाङ्मयीन अनुवाद या तीन क्षेत्रांपैकी कोणते निवडावे, हा पहिला. आणि आपली पात्रता दाखविणारा नमुनासंग्रह, ज्याला आज पोर्टफोलिओ म्हणतात, तो कसा सिद्ध करावा, हा दुसरा. सामान्यतः विद्यार्थी आधी क्षेत्र ठरवितात आणि मग त्या क्षेत्रातील नमुने गोळा करू लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा असावयास हवा. नमुनासंग्रह हा निवडीनंतरचा पुरावा नसून निवड करण्याचे साधन आहे. तिन्ही क्षेत्रांत चूक कोठे दडते, ती कोण शोधतो आणि केव्हा शोधतो, हे निरनिराळे आहे; आणि आपल्याला कोणत्या प्रकारची चूक स्वतः दिसते, हे प्रत्यक्ष अनुवाद केल्यावाचून कळत नाही.

प्रथम विधिक्षेत्र घेऊ. महाराष्ट्रातील शहरांतून घरे 'लीव्ह अँड लायसन्स' या प्रकारच्या कराराने वापरावयास दिली जातात. व्यवहारात लोक यालाच भाडेकरार म्हणतात. असा इंग्रजी करार मराठीत आणताना नवशिका अनुवादक स्वाभाविकपणे 'घरमालक', 'भाडेकरू' आणि 'भाडे' हे शब्द योजतो. मराठी वाचनीय होते, वाक्ये सुबोध होतात, आणि तरीही अनुवाद चुकतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०५ प्रमाणे भाडेपट्टा म्हणजे स्थावर मालमत्तेचा उपभोग घेण्याच्या हक्काचे हस्तांतरण होय. उलट, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम ५२ प्रमाणे अनुज्ञप्ती ही केवळ परवानगी असते. तिच्यायोगे मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यानेही अनुज्ञप्तीची मुदत संपल्यावर जागा परत मिळविण्याची तरतूद भाडेकरूंच्या तरतुदींहून वेगळी ठेवली आहे. म्हणजे 'भाडेकरू' या एका घरगुती शब्दाने अनुवादकाने एका पक्षाला मूळ लेखात नसलेला दर्जा देऊन टाकला.

यावर कोणी म्हणेल की, करार कोणत्या जातीचा हे न्यायालय नुसत्या नावावरून ठरवीत नाही, त्यातील आशयावरून ठरविते. हे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच हे तत्त्व स्पष्ट केले. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष अनुवादकाला सूट देणारा नाही. जो प्रश्न न्यायालयापुढे मोकळा आहे, तो अनुवादकाने आपल्या शब्दाने मिटवू नये, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून येथे 'अनुज्ञप्ती', 'अनुज्ञप्तिधारक' आणि 'अनुज्ञप्ती शुल्क' हे काहीसे रुक्ष शब्दच योजावे लागतात, आणि ते पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत एकदाही न बदलता. शैलीसाठी पर्यायी शब्द वापरण्याची सवय, जी निबंधलेखनात गुण ठरते, ती येथे दोष ठरते. कारण शब्द बदलला की अर्थही बदलला असावा, असे वाचणारा वकील धरून चालतो. विधी-अनुवादातील चूक वर्षानुवर्षे निद्रिस्त राहते आणि वाद उत्पन्न झाल्यावर ती शोधणारा मनुष्य प्रतिपक्षाचा असतो.

वैद्यकीय क्षेत्रात स्थिती वेगळी आहे. येथील वाचक बहुधा रुग्ण असतो, त्याला मूळ भाषा येत नाही, आणि तो वाचल्याबरोबर निर्णय घेतो. नव्या औषधाच्या चाचणीत सहभागी होणाऱ्यांसाठी जे संमतिपत्रक असते, त्यातील एक नेहमीचे कलम पाहू. सहभागी व्यक्ती केव्हाही माघार घेऊ शकते, तिला त्याबद्दल कोणतीही शिक्षा होणार नाही आणि तिला एरवी मिळावयाचे लाभ बुडणार नाहीत, असा त्याचा आशय असतो. एका विद्यार्थिनीने त्याचा पहिला खर्डा असा केला: 'आपण कोणत्याही वेळी दंडाशिवाय माघार घेऊ शकता व आपले देय लाभ अबाधित राहतील.' अशा पत्रकाची तपासणी करण्याची रूढ पद्धत म्हणजे उलट-अनुवाद. मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या अनुवादकाकडून मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून घ्यावयाचा आणि तो मुळाशी ताडून पाहावयाचा. हा खर्डा त्या कसोटीस तंतोतंत उतरला. तथापि, तोच एका प्रौढ गृहिणीस वाचावयास देऊन, 'काय समजले ते आपल्या शब्दांत सांगा', असे विचारले असता त्या म्हणाल्या, "मधेच सोडलं तर पैसे भरावे लागणार नाहीत." 'दंड' म्हणजे पैशाचा दंड, हा बोलीतील अर्थ त्यांनी घेतला होता. लाभांविषयीचे अर्धे वाक्य त्यांच्या ध्यानातच राहिले नव्हते. आणि रुग्णाच्या मनातील खरी भीती तर तीच असते, की नाही म्हटले तर डॉक्टर उपचार थांबवतील काय?

दुसरा खर्डा पुढीलप्रमाणे झाला: 'आपण या अभ्यासातून केव्हाही बाहेर पडू शकता. बाहेर पडल्याबद्दल आपणांस कोणतीही शिक्षा होणार नाही. या रुग्णालयात आपणांस एरवी मिळणारे उपचार व इतर लाभ बंद होणार नाहीत.' येथे 'एरवी' हा साधा शब्द फार मोठा भार वाहतो. तो गाळला तर चाचणीतील औषधही पुढे मिळत राहील असे वचन दिल्यासारखे होईल, आणि तसे वचन मुळात नाही. उलट-अनुवाद शब्दांची निष्ठा तपासतो, आकलन तपासत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा या उदाहरणात दिसून येते. किंबहुना, मुळाला घट्ट चिकटलेला दुर्बोध अनुवादच त्या कसोटीवर अधिक सहज उत्तीर्ण होतो. म्हणून वैद्यकीय मजकूर अपेक्षित वाचकांपैकी चारपाच जणांना वाचावयास देऊन त्यांच्याच शब्दांत परत ऐकणे, हा तपासणीचा स्वतंत्र टप्पा मानला पाहिजे.

वाङ्मयीन अनुवादात चूक एका शब्दात क्वचितच सापडते. ती पृष्ठापृष्ठांतून पसरलेली असते. इंग्रजी कथेत एक वृद्ध विधवा आणि तिच्या घरात राहणारा तरुण कारकून यांचे संभाषण आहे, असे समजू. वर्षभराच्या अवधीत त्यांचा परिचय होतो, जिव्हाळा जडतो, पुढे भांडण होते. इंग्रजीत संबोधनाचे सर्वनाम आरंभापासून अखेरपर्यंत एकच राहते. मराठीत मात्र अनुवादकाला निर्णय घ्यावाच लागतो. बाई त्याला प्रथम 'तुम्ही' म्हणतील. मग 'तू' कोणत्या प्रसंगी येईल? भांडणात त्या पुन्हा 'तुम्ही'वर गेल्या, तर तो दुरावा मूळ लेखकाने सुचविलेला की अनुवादकाने घातलेला? यांपैकी कोणतेही उत्तर एखाद्या परिच्छेदात चूक ठरत नाही. परंतु तिसाव्या पानावर 'तू' अकारण आला की वाचकाचा विश्वास ढळतो, आणि का ढळला हे त्याला सांगता येत नाही. ही चूक शोधणारा संपादक असतो, आणि अनुवादकाला तिचे स्थान स्वतःच हुडकावे लागते.

आता नमुनासंग्रहाकडे वळू. तिन्ही क्षेत्रांतील एकेक नमुना करावा, पण एकाच मापाने नव्हे. विधी व वैद्यक यांसाठी तीनचारशे शब्दांचा मजकूर पुरतो. वाङ्मयासाठी मात्र सलग एक प्रकरण हवे, कारण सुटे वेचे सूर टिकतो की नाही हे दाखवू शकत नाहीत. प्रत्येक नमुन्यासोबत मूळ मजकूर आणि एका पृष्ठाचे टिपण असावे. टिपणात अनुवादाची महती सांगू नये. अडलेली दोनतीन स्थळे, विचारात घेतलेले पर्याय आणि टाकलेल्या पर्यायांची कारणे एवढेच नोंदवावे. 'भाडे हा शब्द का टाळला' किंवा 'एरवी का घातले' यावरील चार वाक्ये परीक्षकाला दहा पृष्ठांच्या अनुवादाहून अधिक सांगतात.

मजकूर कोठून घ्यावा, याविषयी दक्षता हवी. पक्षकाराचा खरा करार किंवा रुग्णाचे खरे कागद संग्रहात ठेवू नयेत. नावे खोडल्याने काम भागत नाही. तारीख, भूमापन क्रमांक किंवा विरळा आजार यांवरूनही व्यक्ती ओळखता येते, आणि ज्याने एकाचा कागद दुसऱ्याला दाखविला, त्याच्याकडे तिसरा आपला कागद देणार नाही. त्यापेक्षा अशा लेखांच्या धर्तीवर मजकूर स्वतः रचावा. अधिनियमाचा अनुवाद करावयाचा असल्यास, त्या भाषेत शासनाने तो पूर्वी प्रसिद्ध केलेला नसेल किंवा प्रसिद्ध होऊनही विक्रीस उपलब्ध नसेल, तर प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ त्यास मुभा देतो. मात्र हा अनुवाद शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेला नाही, असे ठळक जागी लिहावे लागते. वाङ्मयाच्या बाबतीत अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा अथवा त्याच्या वारसांचा असतो आणि भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९६० साली निवर्तलेल्या लेखकाचे साहित्य २०२० च्या अखेरीस मुक्त झाले. त्यानंतर निवर्तलेल्यांच्या बाबतीत असाच हिशेब करावा, आणि मुदत उरली असल्यास प्रकाशनापूर्वी लेखी अनुमती घ्यावी.

तिन्ही नमुने झाले की ते आठ दिवस बाजूला ठेवावेत. मग मूळ मजकूर न पाहता प्रथम केवळ मराठी वाचावे व खटकलेली स्थळे नोंदवावीत. नंतर मुळाशी ताडून पाहावे. आणि शेवटी त्या त्या क्षेत्रातील जाणकाराकडून तपासून घ्यावे. जाणकाराने दाखविलेल्या चुकांपैकी आपणांस आधीच किती सापडल्या होत्या, हे पाहणे महत्त्वाचे. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीस वाङ्मयाची सर्वांत अधिक आवड होती आणि तिचे त्या नमुन्याचे मराठीही सर्वांत डौलदार होते. परंतु त्यातील संबोधनाची सातही विसंगत स्थळे तिला दुसऱ्याने दाखवावी लागली. संमतिपत्रकातील 'दंड' मात्र, गृहिणीचे उत्तर ऐकल्यावर, कोणी काही सांगण्यापूर्वीच तिने खोडला होता, आणि उरलेल्या पत्रकातील तशीच आणखी तीन स्थळे स्वतः शोधून काढली होती. तिने वैद्यकीय क्षेत्र निवडले. कथांचा अनुवाद ती सोडणार नाही. मात्र त्यासाठी आपल्याला कठोर संपादकाची गरज आहे, हे ती जाणून आहे.

चूक दिसण्याची दृष्टी अभ्यासाने वाढते, तेव्हा एका महिन्याच्या या परीक्षेचा निकाल जन्मभरासाठी बांधून घेण्याचे कारण नाही. परंतु पहिले क्षेत्र निवडताना आपण कोठे सुंदर लिहितो यापेक्षा आपली चूक आपल्याला कोठे दिसते, हेच पाहावे. कारण आपल्या नजरेतून सुटलेली चूक ज्याच्या पदरी पडते, त्या पक्षकाराला, रुग्णाला किंवा वाचकाला मूळ मजकूर वाचता येत नसतो.