जोखीम नोंदवहीतली एक ओळ

समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यासाठी बारकोड लेबल छापणारं छोटं सॉफ्टवेअर बनतंय. जोखीम नोंदवहीत नुसतं ‘वीज’ लिहून भागत नाही. ‘वीज गेल्याने सर्व्हर बंद, लेबलं अडणार, मालाची गाडी खोळंबणार’ असं पूर्ण लिहावं. शक्यता 5 पैकी 4, परिणाम 5, गुणाकार 20. ही जोखीम टाळता येत नाही, म्हणून उपाय ती कमी करण्याचा: यूपीएस आणि हाताने भरायची लेबलं. तरीही वीज जायचीच! शक्यता 4च राहते, परिणाम 2 वर येतो, गुण 8. बरेच जण इथे चुकून शक्यताच घटवतात. जबाबदारीच्या रकान्यात ‘आयटी विभाग’ नको, एकाच माणसाचं नाव हवं. यूपीएसची चाचणी गुरुवारी घ्या. या पट्ट्यात अनेक कारखान्यांना तेव्हा साप्ताहिक सुट्टी असते.