शाळेतल्या बाईंच्या रेझ्युमेतल्या पहिल्या चार ओळी

‘अकरा वर्षांचा अनुभव असलेली मेहनती आणि समर्पित शिक्षिका. विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध. उत्तम संवादकौशल्य. कॉर्पोरेट क्षेत्रात आव्हानात्मक संधीच्या शोधात.’ शाळा सोडून कंपनीत ट्रेनर होऊ पाहणाऱ्या शिक्षकांच्या रेझ्युमेत नावाखालचा मजकूर बहुधा असाच असतो. या मजकुराला समरी म्हणतात. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण ही समरी बालवाडीच्या शिक्षिकेलाही लागू पडते आणि बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यालाही. ती वाचून कंपनीच्या एचआर विभागातल्या माणसाला ही व्यक्ती आपल्या नव्या कामगारांना काय शिकवू शकेल हे कळत नाही.

शिक्षकाच्या बाबतीत समरीचं महत्त्व इतरांपेक्षा जास्त असतं, कारण त्याच्या रेझ्युमेत खाली जे येतं ते सगळं शाळेचंच असतं: शाळेचं नाव, विषय, इयत्ता, बी.एड. यांतलं काहीही ‘ट्रेनर’ असं ओरडून सांगत नाही. शाळेतल्या कामाचा कंपनीतल्या कामाशी संबंध काय, हे सांगायला समरी ही एकच जागा आहे. ती चार ओळींची असते, म्हणून त्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं हाच खरा प्रश्न.

सहसा यावर उपाय म्हणून शब्द बदलले जातात. पालकसभेचं होतं ‘स्टेकहोल्डर मॅनेजमेंट’, वर्गशिक्षक होतो ‘साठ जणांच्या टीमचा लीडर’. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला हे रंग उडतात. टीममधली माणसं आपापलं काम करून कंपनीला काही देतात. वर्गातली मुलं शिकायला आलेली असतात. हा फरक एचआरला कळतो, आणि एका फुगवलेल्या शब्दामुळे बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जातो.

म्हणून शब्दांच्या आधी पुरावा बदलायला हवा. शाळेत आपण काय शिकवलं हे सांगण्याची सवय असते. कंपनीला मात्र शिकणाऱ्याच्या कामात नंतर काय बदललं हे हवं असतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९मध्ये प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पायऱ्यांत मांडलं आणि ट्रेनिंग विभागांत आजही तीच भाषा चालते. पहिली पायरी, शिकणाऱ्यांना सत्र कसं वाटलं. दुसरी, ते प्रत्यक्ष काय शिकले. तिसरी, कामावर परतल्यावर त्यांचं वागणं बदललं का. चौथी, त्यातून संस्थेला काय मिळालं. परीक्षा आणि चाचण्यांमुळे शिक्षकाकडे दुसऱ्या पायरीचा पुरावा भरपूर असतो. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीचा जवळजवळ नसतो, आणि एचआरचं लक्ष नेमकं तिथे असतं.

‘दहावीचा निकाल सलग शंभर टक्के’ हे वाक्य शिक्षकाला अभिमानाचं वाटतं, पण कंपनीत त्याचं वजन पडत नाही त्याचं कारणही हेच. त्या निकालात शिकवणीवर्ग, घरचं वातावरण, शाळेने कोणाला प्रवेश दिला हे सगळं मिसळलेलं असतं. त्यात या एका शिक्षकाचा वाटा किती, हे वेगळं काढता येत नाही.

मग तिसऱ्या पायरीचा पुरावा कुठे शोधायचा? मुलांच्या वर्गात नाही, मोठ्यांच्या वर्गात. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शिक्षकांनी कधी ना कधी इतर शिक्षकांना शिकवलेलं असतं: तालुक्याच्या प्रशिक्षणात सुलभक म्हणून, केंद्राच्या शिक्षण परिषदेत, किंवा शाळेत नवी ऑनलाइन पद्धत आली तेव्हा सहकाऱ्यांना शेजारी बसवून. शिक्षकांना हे काम शाळाबाह्य आणि कटकटीचं वाटतं, म्हणून ते रेझ्युमेतून गळतं. प्रत्यक्षात समरीत सर्वांत वर असायला हवं ते हेच. मोठी माणसं वेगळ्या पद्धतीने शिकतात: हे मला कशाला हवं, असं ती आधी विचारतात, स्वतःचा अनुभव मध्ये आणतात आणि उद्याच्या कामात उपयोग दिसला तरच लक्ष देतात. प्रौढशिक्षणात ही मांडणी रूढ करणारे माल्कम नोल्स यांचं नाव ट्रेनिंगच्या अभ्यासक्रमांत हटकून येतं. पन्नाशीतल्या मुख्याध्यापकांना दुपारच्या जेवणानंतर जागं ठेवून काहीतरी शिकवलेल्या माणसाला हा धडा पुस्तकाशिवायच मिळालेला असतो.

एक काल्पनिक उदाहरण तपशिलात पाहू. समजा, पुणे जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आहेत. अनुभव ११ वर्षांचा. त्यांना चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या वाहन-सुटेभाग कारखान्यात ट्रेनिंग एक्झिक्युटिव्ह व्हायचं आहे. सगळ्या कॉर्पोरेट जगाला उद्देशून त्या समरी लिहीत नाहीत. या एका पदाच्या आठ-दहा जाहिराती जमवतात आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांखाली रेघा ओढतात. इंडक्शन, ऑन-द-जॉब ट्रेनिंग, ट्रेनिंग नीड आयडेंटिफिकेशन, स्किल मॅट्रिक्स, सेफ्टी, ट्रेनिंग रेकॉर्ड. नोकरीच्या संकेतस्थळांवर रेझ्युमे आधी अशाच शब्दांनी शोधले जातात, त्यामुळे जे शब्द आपल्या कामाला खरोखर लागू आहेत ते जसेच्या तसे यायला हवेत.

आता प्रत्येक शब्दासमोर बाई स्वतःचं काम लिहितात. सेशन प्लॅनसमोर पाठ टाचण. इथे शिक्षकाची बाजू दिसते त्यापेक्षा बळकट आहे. बी.एड.ला पाठ टाचणात उद्दिष्टाखाली स्पष्टीकरणं लिहायला लावतात: विद्यार्थी व्याख्या सांगतो, फरक स्पष्ट करतो, आकृती काढतो. म्हणजे डोळ्यांना दिसेल अशी क्रिया लिहायची. ‘विद्यार्थ्याला समजते’ लिहिलं तर मार्गदर्शक खोडतात. कंपनीतल्या प्रशिक्षणाचं उद्दिष्टही असंच लिहायचं असतं: ‘ऑपरेटर व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजून तक्त्यात नोंदवतो.’ फक्त कर्ता बदलतो.

ट्रेनिंग नीड आयडेंटिफिकेशनसमोर त्या नैदानिक चाचणी लिहितात, पण इथे थांबायला हवं. नैदानिक चाचणी मुलाचं कुठे अडतं ते सांगते. कंपनीत त्याआधी एक प्रश्न असतो: मुळात प्रशिक्षणाची गरज आहे का? माल नाकारला जातोय तो कामगाराला मोजता येत नाही म्हणून, की मोजण्याचं साधनच बिघडलंय म्हणून? दुसरं कारण असेल तर कितीही शिकवून उपयोग नाही. ही निवड बाईंनी कधी केलेली नाही, म्हणून त्या नीड आयडेंटिफिकेशनचा दावा करत नाहीत. ‘पूर्वचाचणीवरून सत्राचा आराखडा ठरवते’ एवढंच लिहितात. स्किल मॅट्रिक्ससमोर त्यांच्याकडे काही नाही, तो रकाना मोकळा राहतो. वर्गनियंत्रण त्या यादीतूनच काढतात, कारण मोठ्या माणसांना कोणी नियंत्रणात ठेवत नाही आणि तो शब्द वाचणाऱ्याला खटकतो.

उरला मुख्य पुरावा. बाईंनी तालुक्यात ४० शाळांच्या शिक्षकांना ऑनलाइन गुणनोंदणी शिकवली होती. त्याआधीच्या फेरीत १८ शाळांच्या नोंदी चुका असल्यामुळे परत आल्या होत्या. नंतरच्या फेरीत ५ शाळांच्या आल्या. कर्कपॅट्रिकच्या भाषेत ही तिसरी पायरी झाली: माणसं कामावर परतली आणि वेगळं वागली. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात संगणकप्रणालीही थोडी सुधारली असेल. म्हणून बाई ‘प्रशिक्षणामुळे’ लिहीत नाहीत, ‘त्यानंतरच्या फेरीत’ लिहितात. हा फरक बारीक आहे, पण प्रशिक्षण विभागात मुरलेला माणूस तो नेमका हेरतो.

रेझ्युमे शेवटी इंग्रजीत जाणार असला, तरी आशय आधी आपल्या भाषेत पक्का केलेला बरा, म्हणजे पोकळ विशेषणं मध्ये शिरत नाहीत. बाईंची समरी अशी होते:

‘विज्ञान शिक्षिका, ११ वर्षे अध्यापन, त्यातली ४ वर्षे तालुका पातळीवर शिक्षकांचे प्रशिक्षण. ऑनलाइन गुणनोंदणीसाठी ४० शाळांच्या शिक्षकांचे सत्र आखले, मार्गदर्शिका लिहिली, सत्र घेतले. त्यानंतरच्या फेरीत नोंदी परत आलेल्या शाळा १८वरून ५वर आल्या. पूर्वचाचणी, सेशन प्लॅन, प्रात्यक्षिक, उत्तरचाचणी या क्रमाने काम. मोजमाप आणि प्रयोगशाळेतील सेफ्टी हे शिकवण्याचे विषय. मराठी, हिंदी व इंग्रजीतून सत्रे. उत्पादन कारखान्यात नव्या कामगारांच्या इंडक्शन व ऑन-द-जॉब ट्रेनिंगचे काम हवे आहे.’

प्रत्येक ओळीला इथे वेगळं काम आहे. पहिली ओळख देते, पण मोठ्यांना शिकवल्याचा उल्लेख करूनच. दुसरी पुरावा देते. तिसरी कामाची पद्धत आणि कारखान्याला उपयोगी विषय सांगते. मोजमाप आणि सेफ्टी हे प्रयोगशाळेतले विषय शॉप फ्लोअरवर थेट लागतात. चौथी कुठलं पद हवं ते सांगते. तिथेच भाषा आल्या आहेत, कारण कारखान्यात कामगार वेगवेगळ्या राज्यांतून आलेले असतात आणि हिंदीत सहज समजावता येणं ही जमेची बाजू असते. मेहनती, समर्पित, उत्कृष्ट हे शब्द गेले आणि त्यांची उणीव भासत नाही.

अशी समरी तपासायची एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक वाक्यावर ‘केव्हा?’, ‘तुम्ही स्वतः काय केलं?’ आणि ‘हे कशावरून?’ असे तीन प्रश्न विचारायचे. तिन्हींना अर्ध्या मिनिटात उत्तर देता आलं तर वाक्य ठेवायचं. आकड्याची नोंद कुठेतरी सापडायला हवी. आठवणीतला गोल आकडा असेल तर तो काढून नुसतं काम लिहिलेलं बरं. मोठ्यांना शिकवल्याचा एकही प्रसंग सापडत नसेल, तर समरी घासत बसण्यात अर्थ नाही. आधी असा प्रसंग घडवायला हवा: सहकाऱ्यांसाठी एखादं सत्र घ्या, आधी आणि नंतर एकच छोटी चाचणी ठेवा, महिन्याभराने त्यांच्या कामात काय बदललं ते विचारून लिहून ठेवा.

समरीची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. ती मुलाखतीपर्यंत नेते. तिथे बहुतेक कंपन्या दहा-पंधरा मिनिटांचं प्रात्यक्षिक सत्र घ्यायला लावतात, आणि फळ्याकडे तोंड करून व्याख्या सांगणारा शिक्षक तिथे गळतो. शिवाय उत्पादन, खर्च, ग्राहकाच्या तक्रारी यांची ओळख शाळेत होत नाही. ती समरीने भरून निघणार नाही. इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटसारख्या संस्थेची पदविका या बाबतीत थोडी मदत करते, पण तिचा उल्लेख खाली शिक्षणाच्या रकान्यात करावा. समरीतली जागा केलेल्या कामासाठी राखून ठेवा, आणि पद बदललं की त्या चार ओळी नव्याने लिहा. कारखान्यासाठी लिहिलेली समरी बँकेच्या ट्रेनिंग विभागात चालत नाही.