‘आत्ता’ म्हणता येतं? मग ‘गात्तो’ही येईल

‘आत्ता’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. एरवी बोलता तसाच, मुद्दाम ठासून नको. ‘आ’ झाला की जीभ वरच्या दातांना जाऊन टेकते, तिथे क्षणभर थांबते, तेवढ्यात आवाज पूर्ण बंद होतो आणि मग ‘ता’ सुटतो. इटालियनमधलं दुहेरी व्यंजन म्हणजे हा थांबण्याचा क्षणच. इटालियनमध्ये मांजराला ‘गात्तो’ म्हणतात आणि त्यातला ‘आत्त’ आपल्या ‘आत्ता’तलाच आहे.

असं असूनही इटालियन शिकायला बसलेला मराठी माणूस सुरुवातीला हमखास ‘गाटो’ म्हणतो. यात दोष जिभेचा नाही, डोळ्यांचा आहे. रोमन अक्षरं आपण इंग्रजीतून शिकलो. ‘बटर’च्या स्पेलिंगमध्ये टी दोनदा आहे, ‘समर’मध्ये एम दोनदा, ‘हॅपी’मध्ये पी दोनदा, पण उच्चारात एकच. त्यामुळे दोन सारखी अक्षरं शेजारी दिसली की एक गिळायचं, ही सवय शाळेपासून अंगात मुरलेली असते. टी दिसला की ‘ट’ म्हणायचं, हीसुद्धा तिथलीच. इटालियन टी आणि डी म्हणजे आपले ‘त’ आणि ‘द’, जीभ दातांना लावून म्हटलेले. आणि अक्षर दोनदा लिहिलं असेल तर ते तेवढंच लांबवून म्हणायचं, साधारण दुप्पट वेळ.

म्हणून पहिले काही दिवस नवा शब्द वहीत देवनागरीत उतरवून घ्यावा, असं माझं मत आहे. देवनागरीत जोडाक्षर लिहिलं की ते वाचल्यावाचून सुटका नसते. हा आपला आयता फायदा आहे, तो का सोडायचा?

तो क्षण गिळला तर बिघडतं काय, ते पाहा. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा, ‘नोनो’ म्हणजे नववा. ‘सोन्नो’ म्हणजे झोप, ‘सोनो’ म्हणजे ‘मी आहे’. ‘काप्पेल्लो’ ही टोपी आणि ‘कापेल्लो’ हा डोक्यावरचा केस. ‘वेद्रेमो’ म्हणजे ‘आम्ही पाहू’. त्यातला म दुहेरी केला की ‘वेद्रेम्मो’, म्हणजे ‘जमलं असतं तर पाहिलं असतं’ या धाटणीचं रूप. एका अर्धमात्रेने आश्वासनाची सबब होते. सर्वांत फजितीची जोडी वयाची. वर्षाला ‘आन्नो’ म्हणतात. त्यातला एक न खाल्ला तर उरतो तो शब्द गुदद्वाराचा आहे. वय सांगताना इटालियन माणसं तोंड लपवून हसतात, ते यामुळे.

आता खरी मेख. दुहेरी व्यंजन फक्त व्यंजनात नसतं, त्याच्या आधीच्या स्वरातही असतं. फावड्याला इटालियनमध्ये ‘पाला’ म्हणतात आणि चेंडूला ‘पाल्ला’. फावड्याचा पहिला आ लांब असतो: पाऽला. चेंडूत ल लांबतो, त्याबरोबर आधीचा आ आखूड होतो: पाल्-ला. व्यंजनाने घेतलेला वेळ स्वराने सोडलेला असतो. ऐकणारा इटालियन कान या दोन्ही गोष्टी एकत्र पकडतो. ल दुहेरी केला, पण आ लांबच ठेवला, तर ऐकणारा घुटमळतो.

मराठी माणसाला आखूड आ अवघड जातो. आपल्याकडे आ आखूड करायला गेलं की त्याचा अ होतो. त्यामुळे चेंडूचा होतो ‘पल्ला’ आणि मांजराचा ‘गत्तो’. इटालियनमध्ये आपला अ नाहीच. आ लांब असो की आखूड, तोंड तेवढंच उघडं राहिलं पाहिजे. कमी व्हायचा तो फक्त वेळ. याचे नमुने सुदैवाने घरातच आहेत. आप्पा, आक्का, बोलण्यातली आज्जी आणि आपला ‘आत्ता’, या सगळ्यांत दुहेरी व्यंजनाआधी उघडा आ आहे. ‘पाल्ला’ म्हणण्याआधी एकदा ‘आप्पा’ म्हणा, तोंड तसंच ठेवा आणि पुढे जा. ‘आज्जी’ म्हणताना सुरुवातीला आ ऐवजी ओ घातला तर ‘ओज्जी’ होतं, म्हणजे इटालियन ‘आज’.

स्वरांची हीच शिस्त बिनाआघाताच्या जागीही लागते. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या ‘बाताता’चा आपण ‘बटाटा’ केला. इटालियन बटाटा आहे ‘पाताता’. आपल्या शब्दात पहिला स्वर अ आहे, इटालियनमध्ये तिन्ही आ. जोर मधल्यावर, म्हणून तोच लांब: पा-ताऽ-ता. पहिला आणि शेवटचा आखूड, पण तितकेच स्वच्छ. ‘पताता’ म्हटलं की परकेपण लगेच कळतं. खोलीला ‘कामेरा’ म्हणतात. त्यात जोर ‘का’वर असतो आणि पुढचे ए आणि आ हलके असले तरी पुसट होत नाहीत.

शेवटचा स्वर तर जपावाच लागतो, कारण व्याकरण त्याच्यावर उभं आहे. ‘रागात्त्सो’ म्हणजे मुलगा, ‘रागात्त्सा’ मुलगी, ‘रागात्त्सी’ मुलगे, ‘रागात्त्से’ मुली. मुलगा-मुलगी-मुलगे असं बदलणाऱ्या भाषेतल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. फक्त एक सवय आवरायची: मराठीत शब्दाच्या शेवटचा स्वर आपण ऐसपैस लांबवतो. इटालियनमध्ये शेवटच्या स्वरावर जोर नसेल तर तो स्पष्ट म्हणून लगेच सोडून द्यायचा. ‘पाताताऽ’ असं रेंगाळू नये.

व्यंजन थांबवायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे त्या व्यंजनावर ठरतं. प, ब, त, द, क, ग यांत थांबणं म्हणजे शांतता. वाट बंद करून दम धरायचा. ल, म, न, स, फ, व यांत आवाज चालूच राहतो, तो ओढायचा. र दुहेरी असेल तर जीभ थरथरत ठेवायची. ‘टर्रकन फाटलं’मधला र्र उत्तम चालतो. राहिले च आणि ज यांसारखे. त्यांत आधी शांतता, शेवटी एकदाच च. ‘गच्ची’ म्हणताना आपण दोनदा च म्हणत नाही, तसंच.

आता एक शब्द उलगडून पाहू. आपल्याकडच्या पिझ्झाच्या दुकानात ‘मोझरेला’ चीज मिळतं. मूळ शब्दात झेड दोनदा आणि एल दोनदा आहे. हा झेड म्हणजे ‘चाक’मधला च, ‘चहा’मधला नव्हे. इंग्रजी बोलणाऱ्याला शब्दाच्या सुरुवातीला हा च जड जातो, आपल्याला तो जन्मापासून येतो. ‘त्स’ असं लिहितो ते त्याच आवाजासाठी. तर तुकडे असे: मोत्-त्सा-रेल्-ला. ‘मो’ म्हणून जीभ दातांमागे टेकवा आणि थांबा. मग चाकातला ‘चा’ सोडा, उघड्या आ सकट. ‘रे’वर जोर द्या, पण त्याला लांबवू नका, कारण पुढे ल दुहेरी आहे, तो ओढा. शेवटचा ‘ला’ आखूड. ‘मोत्त्सरेला’ झालं तर दोन ठिकाणी चुकलं: ‘सा’चा स झाला आणि ल एकटा पडला. पिझ्झासुद्धा याच न्यायाने ‘पित्-त्सा’.

वाचायला थोडी वाक्यं देतो. जोडाक्षर दिसेल तिथे थांबायचं, अवग्रह दिसेल तिथे स्वर लांबवायचा. प्रत्येक वाक्य आधी अगदी सावकाश म्हणा, मग बोलण्याच्या वेगात. वेग वाढला की आधी थांबे गळतात, म्हणून कान तिकडे ठेवा.

ला पाऽला ए ला पाल्ला.
(फावडं आणि चेंडू.)

मीऽओ नोन्नो आ सोन्नो.
(माझ्या आजोबांना झोप आली आहे.)

चे उन कापेल्लो सुल काप्पेल्लो.
(टोपीवर एक केस आहे.)

इल कार्रो ए काऽरो.
(गाडा महाग आहे.)

ओ सेऽते आल्ले सेत्ते.
(मला सात वाजता तहान लागते.)

क्वात्त्रो नोऽते नेल्ला नोत्ते.
(रात्रीतले चार सूर.)

तिसरं वाक्य सर्वांत कठीण. दोन्ही शब्दांत ल्ल आहे, जोरही दोन्हीकडे ‘पे’वरच आहे आणि फरक फक्त प चा. टोपीत ओठ मिटून थांबायचं, केसात थांबायचं नाही. इथे बहुतेकांचा एकतर दोन्हीकडे प्प होतो किंवा दोन्हीकडे प. शेवटच्या वाक्यात ‘क्वात्त्रो’ (चार) या शब्दातला आ ‘आत्ता’सारखा उघडा ठेवा, ‘क्वत्रो’ नको.

पाचव्या वाक्यात बारीक कान असलेल्याला आणखी एक फरक ऐकू येईल. तहानेतला पहिला ए मिटलेला आणि सातातला थोडा पसरलेला असतो. ए आणि ओ यांचे असे दोन दोन प्रकार प्रमाण इटालियनमध्ये आहेत, पण फक्त जोर असलेल्या जागी, आणि इटलीतच प्रांताप्रांतांत त्यांची वाटणी बदलते. नवशिक्याने त्यात वेळ घालवू नये, आपला मराठी ए आणि ओ कुठेही समजून घेतला जातो. मात्र ‘नो’ म्हणताना इंग्रजीसारखा ‘नोउ’ करून ओ वळवू नका. तो सुरू होतो तिथेच संपला पाहिजे.

उत्तरेत, विशेषतः व्हेनिसच्या बाजूला, स्थानिक बोलींमध्ये दुहेरी व्यंजनं जवळपास नाहीत, त्यामुळे तिथल्या लोकांच्या इटालियनमध्येही ती कधी कधी सैल पडतात. रोम आणि दक्षिणेकडे उलट, न लिहिलेल्या ठिकाणीही ती ऐकू येतात: ‘आ कासा’, म्हणजे घरी, हे तिथे ‘आक्कासा’ असं होतं. आपण सध्या लिहिलंय तेवढंच म्हणावं.

आपलं जमलं की नाही, हे स्वतःच्या कानाने ठरवू नका. मनात जो शब्द असतो तोच आपल्याला ऐकू येतो. घरातल्या कुणालातरी समोर बसवा. एका कागदावर ‘पाला’ आणि ‘पाल्ला’, दुसऱ्यावर ‘कापेल्लो’ आणि ‘काप्पेल्लो’ असं देवनागरीत लिहून द्या आणि मनाला येईल त्या क्रमाने शब्द म्हणा. समोरच्याने बोट ठेवून दाखवायचं. त्याला इटालियन येण्याची गरज नाही, मराठी कान पुरेसा आहे. बोट चुकीच्या शब्दावर पडू लागलं तर बहुधा तुम्ही व्यंजन थांबवताय, पण आधीचा स्वर आखूड करत नाही आहात. तेवढं दुरुस्त करा आणि पुन्हा म्हणा.